दोन पफ, मग वीस मिनिटं

«डॉक्टर, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सर्दी झाली की रात्री त्याची छाती वाजते. आमच्या डॉक्टरांनी अस्थालिनचा पंप आणि मास्कवाला स्पेसर दिलाय. चिठ्ठीवर ‘गरज पडल्यास 2 पफ’ एवढंच लिहिलंय. गेल्या आठवड्यात रात्री साडेबाराला दिले. तो खूप रडत होता, फरक काही पडला नाही. परत द्यावेत का, किती वेळाने, काहीच कळेना. नणंदेच्या नऊ वर्षांच्या मुलीला चार देतात आणि हॉस्पिटलात तर दहा दिले होते म्हणे. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते आणि हृदयावर परिणाम होतो. शेवटी घाबरून मी काही केलं नाही, सकाळपर्यंत त्याला मांडीवर घेऊन बसले. नेमके किती पफ द्यायचे, आणि परत कधी? – एक आई, चिपळूण»

तुमच्या चिठ्ठीत एक वाक्य कमी आहे आणि त्या रात्री तुम्हाला नेमकं तेच हवं होतं. आधी ते सांगते, बाकीचं मग.

साडेतीन वर्षांच्या मुलाला घरी 2 पफने सुरुवात करायची आणि 20 मिनिटं थांबायचं. धाप आणि घरघर तशीच असेल तर परत 2 द्यायचे. आणखी 20 मिनिटांनी गरज असेल तर पुन्हा 2. म्हणजे पहिल्या तासात तीन फेऱ्या, मिळून 6 पफ. तिसरी फेरी द्यावी लागली, तर मूल नंतर बरं दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तिसऱ्या फेरीनंतरही मूल सावरलं नाही, तर घरी बसून वाट पाहायची नाही, दवाखान्यात निघायचं आणि पुढचे पफ वाटेत देत जायचे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना हेच लागू आहे. सहा वर्षं आणि त्यापुढच्या मुलांना एका वेळी 4 पफ, आणि मधलं अंतर तेच, 20 मिनिटं. तुमच्या नणंदेकडे जे सांगितलंय ते म्हणूनच बरोबर आहे.

हे आकडे 100 मायक्रोग्रॅमच्या साल्बुटामॉल पंपाचे, म्हणजे तुमच्या अस्थालिनसारख्या पंपाचे आहेत, डब्यावर तसं छापलेलं असतं. काही घरांत लेव्होसाल्बुटामॉलचा 50 मायक्रोग्रॅमचा पंप असतो, त्यालाही पफ तितकेच. घरात रोज घ्यायचा दुसरा पंपही असेल, तर दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवा. रात्री घाईत, अर्धवट झोपेत, चुकून रोजचाच पंप दिला गेल्याचं मी पाहिलंय. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतात.

आता हॉस्पिटलातले दहा पफ. दम जास्त असतो तेव्हा श्वासनळ्या आवळलेल्या असतात आणि औषध आत कमी पोहोचतं, म्हणून एका वेळचे पफ वाढवतात. जोराचा दम असेल तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला एका वेळी 6, त्याहून मोठ्याला 10 पर्यंत, दर 20 मिनिटांनी, पहिला तासभर देतात. तिथे ऑक्सिजन असतो, मुलावर नजर ठेवायला माणसं असतात. घरी एवढे पफ एकाच प्रसंगी द्यायचे: मुलाला गंभीर धाप आहे, 108 ला फोन झालाय किंवा रिक्षा येतेय, आणि तोवर हातात पंप आहे. तेव्हा ‘चिठ्ठीवर दोनच लिहिलेत’ म्हणून थांबायचं नाही. तुमच्या मुलाला 6, तुमच्या भाचीला 10, एकेक करून द्यायचे, आणि गाडी यायला किंवा पोहोचायला उशीर लागत असेल तर 20 मिनिटांनी तेवढेच परत.

सासूबाईंची काळजी मला समजते, आणि तिला आकड्यांत उत्तर आहे. याच औषधाचं सिरप कित्येक घरांत चमच्याने दिलं जातं आणि त्याची भीती कुणाला वाटत नाही. त्या सिरपच्या 5 मिलीत साधारण 2 मिलिग्रॅम साल्बुटामॉल असतं. एका पफात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा पफ मिळून 1 मिलिग्रॅम, अडीच मिली सिरपाएवढं. आणि तुमचे दोन पफ म्हणजे सिरपाचा अर्धा मिली, दहाएक थेंब. सिरप पोटातून रक्तात जातं आणि सगळ्या अंगाला फिरून थोडंसं छातीत पोहोचतं. त्याला अर्धा तास लागतो, हात थरथरतात, नाडी जोरात चालते. पंपाचं औषध थेट श्वासनळीत उतरतं आणि पाच मिनिटांत काम सुरू करतं. नेब्युलायझरच्या एका कपात 2.5 मिलिग्रॅम टाकतात, पण त्यातलं बरंचसं हवेत उडून जातं. स्पेसरमधून नीट दिलेले पफ त्याच्याइतकंच काम करतात, म्हणून घरी मशीन नाही याची रुखरुख नको.

सहा किंवा दहा पफ दिल्यावर बोटं किंचित थरथरतील, छाती धडधडेल, मूल उगीच उड्या मारू लागेल, रात्री दोनला गप्पा मारायला बसेल. हे अपेक्षित आहे, तासा-दोन तासांत उतरतं. दम मात्र आपणहून उतरेलच असं नाही. सवय या औषधाची लागत नाही, ते सोडल्यावर मुलाला त्याची तलफ येत नाही. पंप वरचेवर लागायला लागला, तर त्याचा अर्थ आतली सूज आटोक्यात नाही एवढाच. मग रोज घ्यायचं सूज कमी करणारं औषध सुरू करावं लागतं. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस पंप काढावा लागतोय असं दिसलं, तर ते डॉक्टरांशी बोला.

आता गेल्या आठवड्यातल्या त्या दोन पफांचं काय झालं असेल? तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला वाटतो ‘रडत होता’. रडणारं मूल लांब उच्छ्वास टाकतं आणि मध्येच एक जोरात हुंदका आत घेतं. त्या झटक्याने औषधाचे कण घशात आपटतात, खाली उतरतच नाहीत. ‘रडताना जोरात श्वास घेतो, म्हणजे औषध चांगलं जातं’ असं बऱ्याच आयांना सांगितलेलं असतं. ते उलट आहे. रडताना दिलेले पफ जवळजवळ गेलेच नाहीत असं धरा, आणि मूल दोन मिनिटं शांत झाल्यावर तेच 2 पफ नीट परत द्या. याने डोस ‘जास्त’ होत नाही.

पद्धत अशी. बाळाला मांडीवर बसवायचं, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. झोपवून द्यायचं नाही, बसलेल्या छातीला हवा घेणं सोपं जातं. पंपाचं झाकण काढून तो चांगला पाच-सहा वेळा हलवायचा, कारण औषध खाली बसलेलं असतं. पंप नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर आधी दोन पफ हवेत उडवून टाका. मग पंप उभा धरून स्पेसरच्या मागच्या भोकात बसवायचा. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा गालांवर टेकवायचा. कुठून फट राहिली तर औषध तिथूनच निघून जातं. पंप एकदा, फक्त एकदा दाबायचा आणि मास्क तसाच ठेवून मुलाचे पाच-सहा साधे श्वास मोजायचे. स्पेसरची झडप दर श्वासाला हलते, ती बघत मोजा. दहा-पंधरा सेकंद लागतात. मग मास्क काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पंप परत हलवायचा आणि दुसरा पफ.

दोन्ही पफ एकदम दाबून मोकळं व्हावंसं वाटतं, विशेषतः मूल हात झटकत असताना. पण तसं केलं की स्पेसरमध्ये कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, दोनाचं औषध एकाएवढंही आत जात नाही. डाव्या हाताने मास्क धरा आणि उजव्याने पंप दाबा. मूल फारच झटापट करत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला फक्त त्याचे दोन हात अलगद धरायला सांगा. डोकं आवळून धरू नका, त्यानेच मूल जास्त बिथरतं. दिवसा, दम नसताना, बाहुलीला किंवा बाबांना मास्क लावून हा खेळ चार वेळा खेळलेला असेल तर रात्रीचं रडणं अर्ध्यावर येतं. तुमचा मुलगा चार-साडेचारचा झाला आणि तोंडाने नळी नीट धरू लागला की मास्क काढून टाकता येईल. भाचीने नळीचाच स्पेसर वापरावा. नऊ वर्षांच्या मुलीचं नाक मास्कमध्ये असेल तर बरंचसं औषध नाकातच अडकतं.

वीस मिनिटांनी काय बघायचं, ते आता. घरघर ऐकत बसू नका, आवाज फसवतो. सदरा वर करा आणि छाती उघडी बघा. बरगड्यांच्या मध्ये खळगे पडतायत का, गळ्याच्या खाली हाडाच्या वर खड्डा पडतोय का, पोट भात्यासारखं वरखाली होतंय का? मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, मूल रडत नसताना. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला 40 पेक्षा जास्त श्वास म्हणजे धाप. आणि त्याला काहीतरी विचारा. एका दमात तीन-चार शब्द बोलतोय का, पाणी घोटाघोटाने पितोय का.

तुमचीच ती रात्र पुन्हा एकदा जगून बघू. साडेबारा वाजता मुलगा उठलाय, खोकतोय, श्वास 46, बरगड्यांमध्ये थोडे खळगे, पण ‘आई, पाणी’ म्हणतोय आणि पाणी पितोय. रंग चांगला आहे. त्याला मांडीवर घेऊन शांत केलं आणि 12:35 ला 2 पफ नीट दिले. वहीत किंवा मोबाइलवर वेळ लिहिली. 12:55 ला श्वास 42, खळगे कमी, पण आहेत. परत 2. सव्वा वाजता श्वास 34, खळगे दिसत नाहीत, छाती अजून थोडी वाजते, पण मूल मान टाकून झोपायला लागलंय. इथे तिसरी फेरी लागत नाही. घरघर शिल्लक आहे म्हणून पफ मोजत बसायचं नाही, मूल आरामात श्वास घेतंय हे पुरेसं. त्याला उंच उशीवर झोपवा आणि तासभर तुम्ही जाग्या रहा.

पंपाचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला छाती पुन्हा वाजायला लागली तर परत 2 पफ, हे ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही गरजेप्रमाणे चार-चार तासांनी 2 देता येतात, आणि बहुतेक मुलांचं दिवसभरात अंतर वाढत जातं. 24 तासांत नीट सावरलं नाही तर दाखवून घ्या. पण तेच मूल तीन वाजता, म्हणजे दोन तासांतच, पुन्हा धापायला लागलं तर मला ते आवडणार नाही. पंपाने मिळणारा आराम आखडत चाललाय, दोन-तीन तासही टिकत नाही, ही आतली सूज वाढत असल्याची खूण आहे. तिथे पंप नळी फक्त उघडतो, सूज उतरवत नाही. त्याला तोंडाने स्टेरॉइडचे दोन-चार दिवस लागतात आणि ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचे. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून देऊ नका.

आता ज्या वेळी 20 मिनिटं थांबायचंच नाही, ते सांगते. मूल एकेक शब्दच बोलू शकतंय किंवा बोलतच नाही, पाणी घेत नाही, ओठ किंवा जीभ निळसर-राखाडी झालीय, नाकपुड्या फुलतायत आणि गळ्याखाली खोल खड्डा पडतोय, पेंगुळलंय किंवा ओळख न दिल्यासारखं करतंय, यातलं एकही दिसलं तर लगेच 6 पफ सुरू करा आणि निघा. सगळ्यात फसवी खूण म्हणजे शांतता. धाप तशीच आहे आणि घरघर अचानक थांबली, तर आई म्हणते ‘सुटलं बाई’, आणि प्रत्यक्षात नळ्या इतक्या आवळलेल्या असतात की वाजायलाही हवा पुरत नाही. करोनाच्या काळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर घरात असेल तर लावा. 92 च्या खाली आकडा आला तर थांबू नका. पण आकडा 96 आहे आणि छातीत खळगे पडतायत, तर छातीवर विश्वास ठेवा, यंत्रावर नको.

दोन ठिकाणी मात्र पंप हे उत्तरच नाही. एक, वर्षाच्या आतलं बाळ. त्या वयात पहिल्यांदा छाती वाजते ती बहुतेक वेळा बारीक नळ्यांच्या विषाणूच्या संसर्गाने. तिथे नळ्या आवळलेल्या नसतात, सुजून चिकट्याने भरलेल्या असतात, त्यामुळे साल्बुटामॉलचा उपयोग सहसा होत नाही. शेजारच्या तान्ह्या बाळाला तुमचा पंप देऊ नका, त्याला दाखवायला न्या. दुसरं, चांगलं खेळणारं मूल शेंगदाणे, फुटाणे किंवा खोबऱ्याचा तुकडा खाताना अचानक ठसकलं आणि तेव्हापासून छाती वाजतेय. तो दमा नसून दाणा नळीत अडकलेला असू शकतो. ठसका थांबला तरी हे विसरू नका, दवाखान्यात ‘दाणे खाताना ठसकला’ हे वाक्य पहिलं सांगा.

पंपाबद्दल अजून थोडं, कारण रिकामा पंप ही मला वारंवार दिसणारी गोष्ट आहे. एका पंपात 200 पफ असतात. ते संपले तरी डबा फुसफुसतो, कारण आतला वायू शिल्लक असतो, औषध नसतं. पाण्यात तरंगतो का बघणं भरवशाचं नाही. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी असेल तर तीच बघा. नसेल तर पंप उघडला ती तारीख डब्यावर लिहा आणि वापरलेले पफ वहीत टाकत जा. एक माय रात्रभर दर 20 मिनिटांनी पंप देत बसली होती, सगळं अगदी बरोबर, आणि सकाळी माझ्याकडे आली तेव्हा पंप कधीच संपलेला होता. तिने काही चुकवलं नव्हतं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

स्पेसर नव्याने आणल्यावर आणि मग महिन्यातून एकदा धुवायचा. प्लॅस्टिकला स्थिर वीज धरते आणि औषधाचे कण भिंतीला ओढून घेते. कोमट पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण दोन थेंब टाका, सुटे भाग त्यात हलवून बाहेर काढा आणि तसेच चाळणीवर हवेत वाळू द्या. फडक्याने आतून पुसलं की वीज परत येते, म्हणून पुसायचं नाही. फक्त मास्क आणि तोंडाला लागणारी बाजू साध्या पाण्याने धुऊन घ्या.

गावी जाताना स्पेसर विसरलात आणि तिथे दम लागला, तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लॅस्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं, पंप तिथे लावायचा आणि बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत. फट राहिली तर चिकटपट्टी गुंडाळा. थोडं मोठं मूल असेल तर हे खरोखर नीट काम करतं. साडेतीनच्या मुलाला ओठ आवळून धरायला जमेलच असं नाही, म्हणून तुम्ही मात्र मास्कवाला स्पेसर बॅगेत पंपाला बांधूनच ठेवा.

आणि आता तुमच्या डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला जाल तेव्हा ती चिठ्ठी परत पुढे करा. तुमच्या मुलाला ते ओळखतात, त्याला आधी किती जोराचा दम लागला हे त्यांना माहीत आहे. त्यांनी आकडा बदलला तर तुमच्यासाठी तोच खरा. त्यांना एवढंच विचारा: एका वेळी किती, किती मिनिटांनी, किती फेऱ्यांनंतर निघायचं, आणि रात्री कुठल्या दवाखान्यात निघायचं. उत्तर त्यांच्या हाताने चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण एखाद्या रात्री मास्क धरणारे हात त्यांचेही असतील.